बंद दिवसांचं काय केलं?

मला वर्ष हवं असतं, दिवस नको असतात. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचं सगळं या एका हावेतून निघतं. लासलगावच्या कांद्याचे २०२३ सालचे रोजचे भाव एका तक्त्यात हवेत, तक्त्याचा आलेख हवा, आलेखाखाली एक ठाम वाक्य हवं. त्या वाक्यापर्यंत पोचायची मला इतकी घाई असते की मधले ३६५ दिवस नुसती अडचण वाटायला लागतात. त्यातला प्रत्येक दिवस कुणाचा तरी बाजाराचा दिवस होता, हे मला माहीत नसतं असं नाही. त्या वेळी ते आठवायला नको असतं, इतकंच.

आणि ही अडचण दूर करणं आता फार सोपं झालं आहे. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटवर देशभरच्या बाजार समित्यांचे रोजचे भाव साठत आले आहेत. २०२३ साली ते ज्या रूपात होतं, त्यात शेतमाल, राज्य, बाजार आणि तारखा निवडल्या की अहवाल समोर यायचा, आणि निवडलेलं सगळं वर पत्त्याच्या पट्टीत जसंच्या तसं उमटायचं. पुढचं सगळं त्याच रूपाबद्दल आहे. तारखांचा भाग असा दिसायचा:

```
DateFrom=21-Aug-2023&DateTo=21-Aug-2023&Fr_Date=21-Aug-2023&To_Date=21-Aug-2023
```

म्हणजे पत्त्यातली तारीख बदलली की दुसऱ्या दिवसाचा अहवाल. हे एकदा लक्षात आलं की हाताने तारखा निवडत बसायचं कारण उरत नाही. काही ओळींचा लूप लिहायचा, त्याला पहिली आणि शेवटची तारीख द्यायची:

```python
d = date(2023, 1, 1)
while d <= date(2023, 12, 31):
    s = d.strftime("%d-%b-%Y")
    for k in ("DateFrom", "DateTo", "Fr_Date", "To_Date"):
        params[k] = s
    save(d, get(params))
    time.sleep(3)
    d += timedelta(days=1)
```

यात तारखा वाढवण्याचं काम `timedelta` करतं, त्यामुळे फेब्रुवारी २८ चा की २९ चा, ही चिंता आपल्या डोक्याला राहत नाही. महिना अक्षरांत असल्याने ३ एप्रिल की ४ मार्च असा गोंधळही होत नाही. एकच पथ्य पाळायचं. पत्त्यात तारखांच्या दोन जोड्या आहेत, त्या दोन्ही बदलायच्या. आणि नंतर अहवालाच्या शेवटच्या रकान्यातली तारीख आपण मागितलेल्या तारखेशी ताडून पाहायची. दोन्ही जुळल्या तरच ती ओळ आपली. इथवर सगळं सरळ आहे. माझी पंचाईत सुरू होते ती याच्या पुढे.

पहिला प्रश्न `time.sleep(3)` या ओळीचा. दोन मागण्यांमध्ये तीन सेकंद थांबायचं, एवढाच तिचा अर्थ. वर्षभराच्या मागण्यांत नुसत्या थांबण्याची सव्वा अठरा मिनिटं होतात. ही ओळ लिहिताना दर वेळी माझं मन कुरकुरतं. तीन कशाला, एक पुरे. एक तरी कशाला? कुणाला कळणार आहे? मग मी स्वतःला विचारतो, की या सव्वा अठरा मिनिटांत मी नक्की काय करणार आहे? कुणी माझ्या दारात उभं नाही. आलेख आज झाला काय आणि उद्या झाला काय, कुणाचं अडत नाही. ज्याचं अडतं तो दुसराच. निघण्याआधी कालचा भाव पाहून ट्रॅक्टर लासलगावला न्यायचा की पिंपळगावला, हे ठरवणारा शेतकरी त्याच सर्व्हरकडे तोच अहवाल मागतोय. त्याची एक मागणी आणि माझ्या शेकडो मागण्या एकाच रांगेत उभ्या राहतात. सार्वजनिक माहिती सगळ्यांची असते, असं मी मोठ्या आवाजात म्हणतो. मग रांगेत पुढे घुसताना ती फक्त माझी कशी होते?

त्याहून अवघड प्रश्न पुढे आहे. मला एकाच बाजाराचे भाव हवेत, तर रोज एक अशा ३६५ मागण्या करायच्याच कशाला? या पत्त्यात ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा देता येतात. १ जानेवारी ते ३१ जानेवारी असं मागितलं तर महिन्याचं काम एका मागणीत होतं. वर्षाला बारा मागण्या. तीच माहिती, सर्व्हरवर तिसाव्या हिश्श्याचा भार. हे कळत असूनही माझा हात रोजच्या लूपकडे जातो, कारण तो लिहायला सोपा आहे आणि त्याचा ताण माझ्या यंत्रावर पडत नाही. माझी सोय आणि भार दुसऱ्याच्या माथी! एरवी हीच वृत्ती दुसऱ्यात दिसली की मी तिला नावं ठेवतो.

मात्र बारा मागण्यांतही एक खाच आहे, आणि ती माहीत नसेल तर सद्हेतू अंगाशी येतो. या अहवालाच्या एका पानावर ठरावीकच ओळी मावतात. त्याहून जास्त असतील तर खाली ‘पुढचं पान’ येतं, पण ते दाबल्यावर पत्ता बदलत नाही. पुढच्या पानाची मागणी पानातल्या दडलेल्या रकान्यांतून जाते. म्हणजे पत्ता बदलत फिरणाऱ्या लूपला ते दुसरं पान कधी दिसतच नाही. संपूर्ण महाराष्ट्राचा कांदा मागितला तर एका दिवसाच्या ओळीसुद्धा पहिल्या पानात मावत नाहीत. लूप मात्र समाधानाने पहिलं पान उचलतो आणि पुढच्या तारखेला लागतो. चूक झाल्याचा आवाज कुठेच होत नाही. ओळखायचं कसं? प्रत्येक उत्तरातल्या ओळी मोजायच्या. पुष्कळ दिवसांची ओळींची संख्या अगदी सारखी आली, आणि ती नेमकी पानाच्या मर्यादेएवढी असली, तर तो योगायोग नसतो. तिथे माल कापला गेलेला असतो. एका बाजाराचा एक महिना सहसा मर्यादेच्या आत राहतो. तरी तो राहिला का, हे दर महिन्याला पाहायचं. गृहीत धरायचं नाही.

हे सगळं केलं की मी स्वतःवर खूश होतो. संथपणे मागितलं, कमी मागितलं, ओळी मोजल्या. आता तरी माझं वर्ष पुरं झालं ना?

नाही. कारण तक्ता उघडला की ३६५ ओळी नसतात. असणारही नाहीत. २०२३ साल रविवारी सुरू झालं आणि रविवारीच संपलं, म्हणजे ५३ रविवार झाले. शिवाय सणवार, दिवाळीची सलग सुट्टी, आणि अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची नाशिक जिल्ह्यात अनेक ठिकाणी असलेली जुनी पद्धत. हे दिवस तक्त्यात नसणं स्वाभाविकच आहे. तेव्हा न आलेला दिवस दिसला की मी मनात म्हणतो, सुट्टी असेल. किती सोयीचा शब्द आहे हा ‘असेल’! एकदा म्हटला की तपासायचं काम संपतं.

पण २१ ऑगस्ट २०२३ हा सोमवार होता. त्याआधीच्या शनिवारी, १९ ऑगस्टला, केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, आणि सोमवारपासून नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले. ते २४ तारखेला, गुरुवारी, पुन्हा सुरू झाले. पुढे २० सप्टेंबरपासून व्यापाऱ्यांनी लिलावावर बहिष्कार घातला, तो ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालला. ७ डिसेंबरला निर्यातबंदीची अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिलाव थांबले. म्हणजे त्या वर्षी कांद्याच्या बाजारात जे सर्वांत महत्त्वाचं घडलं, ते नेमकं न आलेल्या दिवसांत आहे. माझा लूप ज्या तारखांवरून काही न मिळता पुढे सरकतो, त्याच तारखांनी त्या वर्षाला त्याचं रूप दिलं.

आता त्या रिकाम्या दिवसांचं मी काय करतो? तीन वाटा आहेत आणि तिन्ही मला मोहात पाडतात. पहिली, दिवस गाळून टाकायचा. मग आलेखाची रेघ १९ ऑगस्टवरून थेट २४ ऑगस्टला जोडली जाते, जणू मधे काही झालंच नाही. दुसरी, आदल्या दिवशीचा भाव पुढे ओढायचा. तक्ते हाताळणाऱ्या कित्येक साधनांत त्याची सोय एका शब्दावर असते. पण मग माझा आलेख सांगतो की बाजार बंद होता तेव्हा भाव स्थिर होते. कुणासाठी स्थिर? ज्याला विकताच आलं नाही, त्याच्यासाठी? तिसरी वाट शून्य भरण्याची. ती उघडच चुकीची दिसते म्हणून निदान पकडली तरी जाते. पहिल्या दोन वाटा नीटनेटक्या आहेत, आणि माझा नीटनेटकेपणाचा सोस मला त्यांच्याकडे ढकलतो. रिकामी जागा वाचकाला दिसली तर तो म्हणेल की काम अर्धवट आहे, ही भीती त्यामागे असते. खरं सांगायचं तर ती माहितीबद्दलची काळजी नसते, स्वतःच्या अब्रूची असते.

आणि बंद दिवस म्हणजे नुसता भाव नसलेला दिवस नव्हे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विकला जातो तो उन्हाळ कांदा. तो मार्च-एप्रिलमध्ये काढून चाळीत भरलेला असतो. चाळीत तो रोज थोडा वाळतो, वजन घटतं. पावसाळी दमटपणात काही सडतो, उशीर झाला की काहींना कोंब फुटतात. लिलाव थांबला तरी चाळीतलं हे काम थांबत नाही. ट्रॅक्टर परत गेला की त्या कांद्याला आणखी एक दिवस लागतो, आणि त्या दिवसाची किंमत शेतकरी वजनात मोजतो. माझ्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण भावाचे रकाने आहेत. या घटीला रकाना नाही. दिवसच गाळला, तर ती घट झाली होती हे आठवायलाही जागा उरत नाही.

इथे मला स्वतःवर शंका येते. मी फारच भावुक तर होत नाही ना? शेवटी मला वर्षाची सरासरीच काढायची आहे, आणि ती लिलाव झालेल्या दिवसांचीच निघणार. हरकत काय? हरकत आहे, आणि ती भावनेची नाही, हिशेबाची आहे. लांबलेल्या बंदनंतर बाजार उघडला की अडून राहिलेला माल एकदम येतो. समजा एका दिवशी २०,००० क्विंटल कांदा आला आणि सर्वसाधारण भाव १,००० रुपये निघाला. दुसऱ्या एका दिवशी २,००० क्विंटलच आला आणि भाव २,२०० निघाला. दोन दिवसांची साधी सरासरी १,६०० रुपये. पण आवकेच्या वजनाने काढली तर सुमारे १,१०९ रुपये. शेतकऱ्यांच्या हातात खरोखर किती पडलं याच्या जवळ जाते ती दुसरी. तीही पूर्ण खरी नाही, कारण सर्वसाधारण भावाने सगळा माल गेला असं धरून चालावं लागतं. तरी दोन आकड्यांत जवळजवळ पाचशे रुपयांचं अंतर आहे. नुसत्या भावांचा अहवाल मागितला तर आवकेचा रकाना येतच नाही. दर आणि आवक असा दोन्हींचा अहवाल वेगळा निवडावा लागतो. आणि आवक कुठे टनात असते, कुठे क्विंटलमध्ये, हे रकान्याच्या डोक्यावर वाचावं लागतं. मी पहिला अहवाल निवडण्याकडे का झुकतो? कारण साध्या सरासरीला तो पुरतो, आणि साधी सरासरी लवकर होते.

तेव्हा आता मी काय करतो ते सांगतो. हाच मार्ग बरोबर आहे असं म्हणण्याइतका मी ठाम नाही. माझ्या घाईला आवर घालायला तो पुरतो, इतकं नक्की. लूप सुरू करण्याआधी मी तक्त्यात ३६५ तारखा लिहून ठेवतो, प्रत्येक तारखेपुढे एक रिकामा रकाना. लूपने आणलेला भाव त्या ओळीत जाऊन बसतो. जिथे काही आलं नाही तिथे काय झालं, ते शब्दांत लिहायचं, आणि जागा रिकामी सोडायची नाही, असा नियम.

शब्द चार आहेत. ‘भाव मिळाला.’ ‘बाजार बंद.’ ‘नोंद नाही.’ ‘मागणी फसली.’ यातला शेवटचा सर्वांत आधी वेगळा काढावा लागतो, कारण तो बाजाराचा दोष नसतो, माझा किंवा जोडणीचा असतो. सर्व्हरने पान दिलं म्हणजे उत्तर दिलं असं होत नाही. पानात त्या तारखेची भावांची ओळ असेल तर भाव मिळाला. `No Data Found` असं स्पष्ट लिहिलेलं असेल, किंवा महिन्याच्या धड आलेल्या पानात त्या तारखेची ओळ नसेल, तर त्या तारखेला खरोखर काही नोंदलेलं नाही. आणि दोन्ही नसेल, पान अर्धवट असेल किंवा भलतंच असेल, तर मागणी फसली, ती नंतर पुन्हा करायची. हा भेद करायचा तर मिळालेलं प्रत्येक पान जसंच्या तसं जपून ठेवावं लागतं. त्याचा दुसराही फायदा आहे. तक्ता बनवताना माझी चूक झाली तर सर्व्हरला पुन्हा त्रास द्यावा लागत नाही, जवळचीच पानं पुन्हा वाचता येतात.

उरतो तो ‘बाजार बंद’ आणि ‘नोंद नाही’ यांतला फरक, आणि तो संगणकाला कळत नाही. पानावर दोन्हींचं उत्तर एकच असतं. बाजार समितीत लिलाव झाला, पण भाव कुणी भरले नाहीत किंवा उशिरा भरले, तरी त्या तारखेला मला काहीच मिळणार नाही. त्यासाठी पंचांग उघडावं लागतं, त्या दिवसाचं वर्तमानपत्र पाहावं लागतं, शेजारच्या बाजाराचा अहवाल ताडावा लागतो. एकाच दिवशी जिल्ह्यातले सगळे बाजार गप्प असतील तर बंदची शक्यता जास्त. एकटं लासलगाव गप्प असेल आणि पिंपळगावला लिलाव झालेला असेल, तर जपून बोलावं. काही नोंदी मागाहून भरल्या जातात, म्हणून मी कोणत्या तारखेला मागितलं हेही ओळीत लिहितो आणि रिकाम्या तारखा काही आठवड्यांनी पुन्हा एकदा विचारतो. हे काम लूपच्या काही मिनिटांत बसत नाही. त्याला दिवस लागतात, आणि नेमके हेच दिवस मला नको होते.

एवढं करूनही काही तारखा राहतातच, ज्यांच्याबद्दल मला खात्रीने काही म्हणता येत नाही. पूर्वी त्या मला खुपायच्या. आताही खुपतात, पण मी त्यांच्यापुढे ‘ठाऊक नाही’ असा पाचवा शब्द लिहून टाकतो. आलेखात तिथे रेघ तोडतो. आलेखाखालच्या वाक्यात सरासरीबरोबर सांगतो, की ही लिलाव झालेल्या दिवसांची आहे, आवकेच्या वजनाने काढलेली आहे, इतके दिवस बाजार बंद होता, त्यातले इतके संपामुळे आणि इतके सणामुळे, आणि इतक्यांचं कळलं नाही. वाक्य लांबतं. त्याचा ठामपणा जातो. वाचणारा कदाचित कंटाळतो. ठाम वाक्याची हाव अजून गेलेली नाही, हे मी जाणतो, आणि प्रत्येक नव्या तक्त्याला ती पुन्हा डोकं वर काढते. पण या लांब वाक्यातला प्रत्येक आकडा कुठून आला ते मी सांगू शकतो, आणि चाळीत कांदा ठेवून त्या बंदमध्ये थांबलेला माणूस समोर बसला, तर ते त्याला वाचून दाखवू शकतो. नीटनेटक्या रेघेच्या बाबतीत मला तसं म्हणता आलं असतं का?